बुवांचा निरोप, तीन मापांत

बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या छोट्या दत्तमंदिराचा मी चिटणीस. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यामुळे माप चुकवायचं नाही ही सवय अंगात भिनलेली. घोळ झाला तो त्या सवयीनेच.

आमचे बुवा खरवईचे. शेती करतात, गुरुवारी मंदिरात निरूपण करतात. कार्यकारिणीत ठरलं की बुवांचा एक निरोप मोबाईलवर सगळीकडे जाऊ दे. बुवांना दत्ताच्या मूर्तीशेजारी बसवून मी फोन आडवा धरला आणि बुवा बोलले. ते फार सावकाश बोलतात. एका वाक्यानंतर डोळे मिटतात, मग पंच्याने घाम पुसतात, मग पुढचं वाक्य. सगळं मिळून दीड मिनिट भरलं.

ते घेऊन मी उल्हासनगरला गेलो. लग्नाचे व्हिडिओ जुळवणारी एक सिंधी बाई तिथे दुकान चालवते, सगळे तिला दीदी म्हणतात. तिने व्हिडिओ पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अंकल, आडवा कशाला घेतला? उभा पायजे. आता उभा कापला तर एक तर बुवा दिसणार नाय तर दत्त."

"दत्त ठेवा," मी म्हणालो.

"आणि बोलणार कोण?"

शेवटी बुवा ठेवले. दत्ताची एक बाजू कशीबशी आली, तर तिथे लाईकची बटणं येतात असं ती म्हणाली. खाली अक्षरं टाकायची नाहीत, तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येतो. म्हणून बुवांचे शब्द मधोमध, बरोब्बर मिशीवर आले.

मग लांबी. तेव्हा स्टेटसला अर्धं मिनिट चालायचं, शॉर्टला एक आणि रीलला दीड. दीदी म्हणाली, "स्टेटसला तीन तुकडे करू, एकामागोमाग लावा."

"तुकडे कोण बघतो? पहिलं अर्धं मिनिट घ्या. शॉर्टला पहिलं एक. रीलला पूर्ण."

"अंकल, बात अधूरी रह जाएगी."

"बुवांचं अर्धं वाक्यसुद्धा पुरेसं असतं," मी ऐटीत सांगितलं. तिन्ही फिती तिथेच बसून टाकल्या. एकही पुन्हा ऐकली नाही.

गुरुवारी सकाळी आरतीला गेलो, तर मंदिरात नेहमीच्या म्हाताऱ्यांपैकी एकही नाही. तीस वर्षं न चुकणारे आमचे खजिनदारही नाहीत. फोन लावला.

"बुवांनीच सांगितलंय, येऊ नका," ते म्हणाले. "स्टेटसला पाहिलं. मनाला लागलं हो, पण आज्ञा म्हणजे आज्ञा."

मी स्टेटस उघडलं. बुवा डोळे उघडून शांतपणे म्हणत होते, "गुरुवारी देवळात येऊ नका." मग डोळे मिटले आणि घाम पुसता पुसता अर्धं मिनिट संपलं. शॉर्टमध्ये पुढचं वाक्य होतं, "घरी म्हातारी माणसं एकटी असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा." आणि "मग त्यांना बरोबर घेऊन या" हे फक्त रीलमध्ये.

म्हाताऱ्यांनी स्टेटस पाहिलं होतं, मधल्या वयाच्यांनी शॉर्ट आणि पोरांनी रील. त्यामुळे घराघरात जुंपली. आमच्या समोरच्या इमारतीत नात आजीचा हात धरून म्हणत होती, "चल ना, बुवांनी तुला न्यायला सांगितलंय." आजी जिन्याचा कठडा धरून, "मला यायलाच बंदी केलीये!" आणि आजीचा मुलगा खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसलेला, कारण त्याला बसायला सांगितलं होतं. तिघांचेही फोन वाजत होते, तिन्हींत बुवाच.

मी रिक्षा करून खरवई गाठली. बुवा भेंड्या तोडत होते. ऐकून आधी खूप हसले, मग हातातल्या भेंड्या खाली ठेवल्या.

"म्हंजे मी त्या म्हाताऱ्यांना हाकलला?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. चूक माझी आहे, तुमची नाही, असं म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. फोन काढ. उभाच धर."

बुवा बांधावर उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "येत्या गुरुवारी घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन देवळात या." सहा सेकंद. स्टेटस, शॉर्ट, रील, तिन्हीकडे एकच फीत गेली. त्याच दुपारी मी घरोघरी जाऊन माफीही मागितली.

पुढच्या गुरुवारी मंदिर इतकं भरलं की म्हाताऱ्यांना बसायला शेजारच्या सोसायटीतून खुर्च्या आणाव्या लागल्या. दारात खजिनदारांनी मला बाजूला घेतलं.

"आलो आहे खरा," ते हळू आवाजात म्हणाले, "पण व्हिडिओचा पुढचा भाग काय आहे, ते आधी सांगा."