हलकी होती म्हणून

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा घरातल्या प्रत्येकाला मत होतं. जी तो रोज बसमधून नेणार होती तिला सोडून. हे म्हणाले, मोठा घे. सासूबाईंनी आयुष्यात कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं, त्याही म्हणाल्या, घ्यायचाच तर मोठा घ्यावा, लहान काय, दोन दिवसांत मोडतो. जणू पातेलं आणायचं होतं.

मी भिवंडीत राहायची आणि शाळा खारबावच्या बाजूच्या एका गावात. सातवीला विज्ञान शिकवायची. शाळेच्या वेळेत गावात वीज हमखास नसायची, त्यामुळे ऑफिसातला कॉम्प्युटर वर्षभर प्लास्टिकच्या झग्यात बसलेला असे. मुलांना हृदय कसं चालतं, पाणी झाडात कसं चढतं हे हलतं दाखवायची सीडी माझ्याकडे होती. बॅटरीवर चालेल असं काही हवं होतं. ते शाळेत ठेवायची सोय नव्हती, कपाटाचं कुलूप हिसका दिला की उघडायचं. शिवाय चार्जिंग घरीच. म्हणजे रोज नेणं आणि रोज आणणं.

आदल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या हाताला आता जन्मभर जपायचं. वजन नाही, इंजेक्शन नाही, खांद्याला पट्टा नाही. एकदा सूज आली की ती पुरती उतरत नाही. शाळेत मी 'पोटाचं ऑपरेशन' सांगून रजा काढली होती. स्टाफरूममध्ये ही गोष्ट चघळलेली मला चालली नसती. घरीसुद्धा केमोत गेलेले केस परत आले तसं सगळे विसरले. हेही विसरले. माणूस उभा दिसला की बरा झाला, एवढंच लोकांना कळतं.

दुकान आमच्याच बाजारपेठेत होतं. दुकानदाराने दोन लॅपटॉप शेजारी मांडले. एक मोठा, पंधरा इंची, चार्जर आणि काळ्या बॅगेसकट उचलला तर डाळीची पिशवी उचलल्यासारखा. दुसरा तेव्हा नवीनच आलेला छोटा, दहा इंची, वहीसारखा.

"मॅडम, ये छोटा वाला तो नेट के लिए है," तो म्हणाला. "याला सीडी लावायची जागाच नाही. सीडी पेनड्राइव्हमध्ये कॉपी करून घ्यावी लागेल. व्हिडिओ जरा अडकेल. आणि क्लास में कितने बच्चे?"

"पन्नासच्या आसपास."

"मग कोण बघणार यात? पहिली लाइन बघणार, बाकीचे पहिल्या लाइनीची डोकी बघणार."

खरंच होतं ते. हे माझ्याकडे 'बघ, मी म्हणत नव्हतो?' असं पाहत होते. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच हिशेब चालला होता. डाव्या खांद्यावर पट्टा नाही. उजव्या हाताने बसचा दांडा धरायचा. हात वर गेला की उजव्या खांद्यावरची जड बॅग घसरणार. घसरली की सावरायला डावा हात आपसूक धावणार. तो काही मला विचारून धावत नाही.

"छोटा द्या," मी म्हटलं.

"अगं, पण पोरांना दाखवायचंय ना? का स्वतःच बघत बसणारेस?" हे म्हणाले, दुकानदारासमोर, हसत. संताप आला मला. बोलून टाकावंसं वाटलं की अहो, मोठा तुम्ही न्याल का पोचवायला? पण गिळलं आणि छोटाच घेतला. तो कापडी पिशवीत, वह्यांच्या गठ्ठ्यात बसायचा. लॅपटॉप आहे हे कुणाला कळायचंही नाही.

वर्गात मी सहा-सहांचे गट केले. एक गट टेबलाभोवती, बाकीचे वहीत आकृती काढतात. मुलं त्याला 'बाईंची पाटी' म्हणायची. गट पुढे सरकायचे, पण बॅटरी नाही तर तास, काहीतरी आधी संपायचंच. हजेरीत जे शेवटी ते इथेही शेवटी. मागच्या बाकावरच्या मुली रोज विचारायच्या, "बाई, आमचा नंबर?" आणि मी रोज म्हणायची, उद्या.

त्या मुलींमधल्या एकीची आजी माझी बसमधली सोबतीण. पहाटे वाडीतली भाजी घेऊन भिवंडीच्या बाजारात यायची, विकून रिकामी पाटी घेऊन माझ्याच बसने गावी परतायची. बस स्टँडात शिरली रे शिरली की ही बाई चालत्या गाडीच्या खिडकीतून आपली चुंबळ सीटवर फेकायची. डोक्यावर पाटीखाली घ्यायचं ते गुंडाळलेलं फडकं. बाकीचे रुमाल टाकतात, ही चुंबळ. दोघींची जागा धरायची आणि खिडकीजवळ मला बसवायची, माझी डावी बाजू भिंतीकडे येईल अशी. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. एकदाच म्हणाली होती, "तू ह्यो हात उचलत न्हायस. मना दिसतं." पुढे काही विचारलं नाही. अख्ख्या भिवंडीत माझा हात एकट्या तिने पाहिला होता.

एक दिवस एका पोराने तिची चुंबळ उचलून बाजूला फेकली आणि वर तोंड करून म्हणाला, फडक्याने जागा धरतात का? त्या दिवशी मला उभं राहावं लागलं. आजीने त्याचा असा काही उद्धार केला की कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायचा थांबला. पण सीट काही मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर माझीच वाट बघत होती. "आज नातीचा नंबर हाय ना गो बाय? रातभर तेच चाललंय तिचं. काळीज बगनार, काळीज बगनार!" मी म्हटलं, हो, आज नक्की. तेवढ्यात गाडी वळली. गर्दी सुटली. आणि "चुंबळीचं कोन आयकत न्हाय, पिशवीचं आयकतंत," असं म्हणत तिने माझ्या खांद्यावरची पिशवी काढली आणि खिडकीतून आत टाकली. "अहो, नको!" हे माझे शब्द बाहेर पडले तेव्हा पिशवी आत गेलेली होती. ती सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटून खाली गेली, आणि मागून कुणाचा तरी तेलाचा डबा खिडकीतून आला तो नेमका तिच्यावर.

जागा मिळाली. आजी विजयी चेहऱ्याने हाका मारत होती, "ये बाय, ये!" मी बसले. पिशवी मांडीवर घेतली, आत हात घातला, आणि झाकणाचा कोपरा बोटांना खरखरीत लागला.

"काय झाला?" तिने विचारलं.

"काही नाही."

वर्गात शेवटचा गट टेबलाभोवती आला. मी झाकण उघडलं, बटण दाबलं. पडद्यावर शाई सांडावी तसा काळा डाग पसरलेला, कडेने पांढऱ्या रेघा. पण यंत्र सुरू झालं होतं. कुठे काय असतं ते मला पाठ होतं, म्हणून आंधळेपणाने दोन बटणं दाबली, तर आवाज यायला लागला. धडधड, धडधड. चित्र नाही, नुसता आवाज. पोरी डोळे फाडून त्या काळ्या डागाकडे बघत होत्या. आजीची नात हळूच म्हणाली, "बाई, ऐकू येतंय." मला तिथेच रडू फुटलं असतं. मी झाकण लावलं आणि म्हटलं, बॅटरी उतरली.

पोरगी खुळी थोडीच होती! घरी जाऊन तिने आजीला सांगितलंच असणार. दुसऱ्या दिवशी आजी बसमध्ये होती. खिडकीजवळच्या सीटवर चुंबळ होती, शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं. आजी पाटी घेऊन दाराशी उभी.

"आजी, या ना बसायला."

"तू बस बाय. मी बरी हाय उबी."

रोज तेच. जागा धरायची ती माझ्या एकटीची. स्वतः उभी राहायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. लाज तिला वाटत होती आणि लाजेने मान माझी खाली जात होती, असला प्रकार.

दुकानदार म्हणाला, पडदा बदलण्यात अर्थ नाही. मग ह्यांनी विचारायची तसदीसुद्धा न घेता मोठा आणला. "तेव्हाच ऐकलं असतंस तर," म्हणाले. "मोठी बॅग कुणी खिडकीतून फेकली असती का?" कुणीच फेकली नसती, तेही खरंच. खरं उत्तर तेव्हाही दिलं नव्हतं, आता काय तोंडाने देणार?

मोठा पडदा टेबलावर ठेवला की सगळा वर्ग जमिनीवर बसून बघायचा, मागच्यांनाही दिसायचं. पोरींनी हृदय पाहिलं. आजीच्या नातीने विचारलं, "बाई, हे कधीच बसत नाही? थोडा वेळसुद्धा?" मी म्हटलं, नाही. ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिली. त्या एका तासासाठी मी कितीही ओझं उचललं असतं, हे मी आजही म्हणेन.

उचललंच. जाताना सीट असायची, पण परतीच्या बसला जागा धरणारं कोण होतं? संध्याकाळच्या गर्दीत, कशेळीपर्यंत ट्रक अडकले म्हणून तासभर रखडलेल्या गाडीत, मी दांड्याला लोंबकळायची. बॅग घसरायची. डावा हात धावायचा. महिनाभरात बांगडी अडकायला लागली, मग मनगट सुजलं, मग कोपर. डॉक्टरीणबाईंनी हात दाबून पाहिला, बोटाचा खळगा तसाच राहिला. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. आजीपासून काय लपणार! एका सकाळी ती दारातून गर्दी हटवत माझ्या सीटपर्यंत आली. मांडीवरच्या काळ्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"एवडा जड कनाला घेतलास गो?"

"पोरांना दिसावं म्हणून."

"पयली पिशवी हलकी व्हती."

"हो."

"हलकी व्हती म्हनून तर टाकली मी," ती म्हणाली. "जड असती तं हात न्हवता लावला." तिला धरायला मी हात पुढे केला, तो नेमका डावा. तिने तो घाईघाईने अलगद परत माझ्या मांडीवर ठेवला, आणि तिचं गाव यायच्या आधीच दाराकडे सरकली.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या सीटवर चुंबळ नव्हती. नातीला विचारलं तर म्हणाली, आजी आता आधीच्या गाडीने येते. मग सकाळच्या बसमध्येही मी उजव्या हाताने दांडा धरला आणि उभी राहिले.