कामाची यादी

कांचन सोळंकेला कामाची यादी हवी होती. ग्रामपंचायतीची संगणक परिचालक म्हणून तिची नेमणूक ठेकेदार कंपनीकडून होती, हुकूम सचिवांचा चाले आणि राबवून घेई सगळं गाव. सरपंचाच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज तिनेच भरायचा, नळ सुटला नाही तर बायकांच्या शिव्या तिनेच खायच्या आणि पाहुणे आले की चहाही तिनेच मांडायचा. बारा गावचे मुंजे एकाच पिंपळावर, तशी गत.

"सायब, माह्यं काम नेमकं काय, हे एकदा लेहून द्या," असं तिने सचिव हिवराळ्यांना कितीदा सांगितलं. हिवराळ्यांकडे तीन गावं. ते हसून म्हणायचे, "तू त घरचीच पोरगी. घरच्या माणसाले कागद देतेत काय?"

मग तालुक्याहून प्रत्येक परिचालकाची कर्तव्यसूची मागवली गेली, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली. ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, दाखले, कर आकारणीचा नमुना आठ, मासिक सभेचे ठराव संगणकावर चढवणे. अहवाल सचिवांना द्यावा. सर्व नोंदी सचिवांच्या लेखी सूचनेनुसार कराव्यात.

"लेखी काढ," हिवराळे म्हणाले. "तू इथं, मी तिथं. मी का चिठ्ठ्या धाडत बसू?"

तिने तो शब्द काढला. स्वतःच्या बोटाने काढला. शेवटी हिवराळ्यांनी घातलं, नोंदींच्या अचूकतेस परिचालक जबाबदार राहील. तेही तिला वावगं वाटलं नाही, उलट मान मिळाल्यासारखं वाटलं. खाली सही-शिक्का झाला. घरी नेऊन तिने तो कागद सासूला दाखवला. सासूला वाचता येत नव्हतं, तरी तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं. त्या दिवशी कांचन खरंच सुखात होती, आणि त्या सुखाचीच मला चीड येते.

सचिवांची सही संगणकावर उमटवायची ती डोंगल कांचनच्या ड्रॉवरमध्ये असायची. परवलीचा शब्दही तिलाच पाठ. नियमात हे बसत नाही, पण तीन गावांचा सचिव रोज येणार कुठून? सगळ्या तालुक्यात असंच चालायचं.

एका सकाळी हिवराळ्यांचा फोन आला. "अनसूयाबाईची देवळामागची जागा आहे ना, तिथं सरपंचाच्या साळ्याचं नाव चढव. ठराव मी सांजच्याले आणतो."

"सायब, ठरावाबिगर कसं चढवू?"

"आता तू मले कायदा शिकवतं काय वं?"

तिने नाव चढवलं. चुकलंच तिचं. सांज झाली, ठराव आला नाही, पुढेही आला नाही. विधवा अनसूयाबाई घरकुलासाठी उतारा घ्यायला आली, तेव्हा जागा दुसऱ्याचीच झालेली. ती कांचनसमोर खाली बसली आणि म्हणाली, "माय, तुया हातानं केलंस नं हे?" कांचनला तोंड वर करवेना.

बाईने पंचायत समितीत तक्रार केली. चौकशीला विस्तार अधिकारी आले. हिवराळे म्हणाले, "मी असं सांगतलंच नाही, सायब." मग त्यांनी यादी पुढे केली आणि शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं.

"फोन आला होता," कांचन म्हणाली.

"लेखी काही आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

अनसूयाबाईची जागा तिच्या नावावर परत चढली, एवढं एक बरं झालं. सरपंचाला कोणी काही विचारलं नाही.

कांचनला काढावं, असं पत्र कंपनीला धाडायचं ठरलं. हिवराळ्यांना टाइप करता येत नव्हतं. ते तिलाच सांगू लागले, "लेह, परिचालकाने स्वतःच्या मनाने खोटी नोंद केली..."

कांचनने हात मांडीवर घेतले. "हे खोटं आहे, सायब. अचूकतेले मी जबाबदार हावो. मले हे लेहता येत नाही."

हिवराळ्यांचा चेहरा पडला, तो क्षणभरच. त्यांनी शेजारच्या मोरगावच्या परिचालकाला फोन लावला. त्या गावाचे सचिवही तेच. मंगेश मोटरसायकलवरून लगबगीने आला, कांचनच्या खुर्चीवर बसला आणि तिच्याकडे न बघता सांगितलं तसं टाइप करत गेला. तिनेच डोंगल काढून टेबलावर ठेवली.

हिवराळे पत्र घेऊन सरपंचाकडे गेले. टेबलावर यादी तशीच पडली होती. मंगेशने ती उचलली, सही-शिक्का निरखला.

"ताई, तुले कागद तरी भेटला. मी कवाचा मांगून राहिलो. मागच्या हप्त्यात सायब म्हणे, देतो."

कांचनने डबा पिशवीत घातला.

"मांगू नोको, बाप्पा," ती म्हणाली, "अन् देलाच, त त्यातला एकबी शब्द काढू नोको."

मंगेशने मान डोलावली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो सायब," तो म्हणाला, "चढवतो. ठराव मंग द्या."