खोपोलीपर्यंतची गाडी

चाळीच्या पुनर्विकासाच्या यादीत शेजारच्या काकू अपात्र ठरल्या होत्या. खोली वारलेल्या काकांच्या नावावर. ती काकूंच्या नावावर करायचा अर्ज कार्यालयात पडून, आणि तिथला अधिकारी काही भेटेना. म्हणून आमच्या भागातले आमदारसाहेब लालबागला आमच्या चाळीच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला आले, तेव्हा मी त्यांच्याविरुद्ध जळजळीत पत्रक काढलं. साहेबांनी एक मागून घेतलं, "छान लिहितोस रे," म्हणाले आणि त्यानेच वारा घेत बसले.

काकूंनी त्यांना गाडीपाशी गाठलं.

"ताई, नंतर. संध्याकाळी पुण्याला सभा आहे."

पण ड्रायव्हर गाडी काढेना. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता. मंडळाच्या मांडवाशेजारी गाडी लावलेली. मागच्या टायरमध्ये मांडवाचा खिळा होता, हवा गेलेली.

साहेबांनी टायरला लाथ मारली. "फुगलेलंच दिसतंय की! बरं, स्टेपनी लाव."

"या गाडीला स्टेपनी नसते, साहेब."

माझा आनंद मावेना. भांडवलशाही आपल्याच खिळ्यावर बसली होती. मी घोषणेसाठी श्वास घेतला, तेवढ्यात बाबा पुढे झाले. बाबांचा जन्म पत्रकं वाटण्यात गेला. छापलेला कागद दिसला की मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. त्यांनी ड्रायव्हरकडून गाडीचं पुस्तक मागितलं, चष्मा लावला आणि सभेतल्या आवाजात सांगितलं, "हे रनफ्लॅट टायर. हवा गेली तरी गाडी चालते. स्टेपनीची गरज नाही!"

"वा! चला," साहेब आत बसले.

"बाबा!" मी ओरडलो. "तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"पुस्तकाच्या. पुढचं ऐक. वेग ताशी ऐंशीच्या आत. आणि अंतरही जास्तीत जास्त ऐंशी किलोमीटर. वजन जास्त असेल तर त्याहून कमी."

सगळ्यांनी साहेबांकडे आणि मागच्या सीटवरच्या तीन कार्यकर्त्यांकडे पाहिलं.

"ऐंशीत कुठवर जाईल?" साहेबांनी विचारलं.

"खोपोली," ड्रायव्हर म्हणाला. "घाट नाय चढायचा."

"मग खोपोलीत उभं राहण्यापेक्षा इथे बसा," काकूंनी दारातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. "चहा टाकते."

दुसरी गाडी ठाण्याहून निघाली होती. तोवर साहेबांना जायला जागा नव्हती आणि काकूंना घाई नव्हती. दुसरा चहा झाल्यावर साहेबांनी फोन काढला, कार्यालयातल्या त्या अधिकाऱ्याला लावला. काकू म्हणाल्या, "स्पीकरवर टाका." अधिकाऱ्याने "सोमवारी पाठवा, मी स्वतः बघतो," हे सगळ्या चाळीसमोर कबूल केलं.

ठाण्याची गाडी आली, साहेब गेले. खुर्चीवर माझं पत्रक राहिलं होतं. त्यावर चहाच्या कपाचा गोल.

ड्रायव्हर परळच्या वर्कशॉपकडे निघाला. ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही, हे बाबांनी त्याला खिडकीतून पुन्हा बजावलं. पुढे सिग्नलपर्यंत गाड्या तुंबलेल्या होत्या.

सोमवारी काकूंचं काम झालं. पुढच्या मोर्च्यासाठी काय छापायचं म्हणून मी त्यांना विचारायला गेलो.

"छाप काहीही," त्या म्हणाल्या. "पण साहेबांची गाडी मांडवापाशीच लावायला सांग."