कान पकडला की फोन कट

कडुबा साळवेचा राग चिकलठाण्यात सगळ्यांना पाठ होता. जालना रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, आतली करपलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, हा त्याचा धंदा. वेढे मोजताना कुणी मध्येच तोंड उघडलं की संपलंच. आकडा डोक्यातून जायचा, गुंडाळलेलं सगळं उसवून पहिल्यापासून मोजावं लागायचं. मग तो हातातली पक्कड फेकायचा आणि समोरचा चहावाला न बोलता ग्लास बाजूला सरकवायचा.

फोनशी तर त्याचं हाडवैर. पटलं नाही की तो फोन धाडकन कापायचा. मेहुण्याचा कापला, गिऱ्हाइकांचे कापले, लेक विशाखा कॉलेजात असताना तिचे तर किती कापले त्याला गणती नाही. तरी त्याच लेकीनं पहिल्या कमाईतून त्याला इअरबड आणले. कानात बसणारी दोन पांढरी बोंडं आणि त्यांना पाळीशेजारी लोंबणारी बोटाच्या पेराएवढी दांडी. "अण्णा, तुमचे हात तारेत असतात. फोन आला की दांडीवर दोनदा टिचकी मारा, उचलला जातो. ठेवायचा असला की धरून ठेवा." एवढं शिकवून, मोबाइलमध्ये त्याचं अ‍ॅप टाकून ती सिल्लोडला गेली. कडुबा दिवसभर ती बोंडं घालून बसायचा आणि लेकीनं दिली म्हणून गल्लीभर सांगायचा.

आता त्या लेकीचा आणि त्याचा तंटा कशावरून झाला, तर एका खुर्चीवरून. विशाखानं सिल्लोडला फिजिओथेरपीचा दवाखाना काढला. उद्घाटनाला कडुबा नवा पांढरा शर्ट शिवून गेला. हॉलमध्ये पहिल्या रांगेत हातांच्या खुर्च्या होत्या. त्यात म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, आणि बापाला दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं होतं. कडुबाचं डोकं फिरलं. भाषण चालू असताना तो उठला आणि भरल्या सभेत ओरडला, "बापाला मागं बसवायलाच शिकवलं का गं तुला?" न जेवता निघून आला. घरी आल्यावर मोबाइल भिंतीवर हाणला. काचेला तडा गेला आणि पलीकडचं बोलणं ऐकू येणं, आपलं बोलणं जाणं, दोन्ही बंद पडलं. इअरबडमधून तेवढं चालायचं.

पुंडलिकनगरच्या घरात त्याची बायको गीताबाई दोन दिवस त्याच्याशी बोललीच नाही. ती अंगणवाडी सेविका, तिचा राग बिनआवाजाचा. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना तिनं सांगितलं, "त्या म्हाताऱ्या पेशंट होत्या. गुडघे गेलेल्या. हाताला आधार असल्याशिवाय त्यांना उठता येत नाय, म्हणून हातांच्या खुर्च्या त्यांना दिल्या. पोरगी रडत झोपली त्या दिवशी. म्हणती, अण्णांनी स्वतःच्या तोंडानं चूक कबूल केल्याशिवाय मी त्यांची कुणी नाही."

कडुबानं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. चार दिवस त्यानं स्वतःचाच राग केला, आणि तो राग दुसऱ्यांवर काढला. शेवटी एका दुपारी दुकानात, कॉइल अर्धी टाकून, त्यानं फोन लावला.

"इशाखा, ऐक. लई चुकलं माझं. हे बघ, कान पकडतो."

नुसतं म्हणायचं आणि करायचं नाही, हे त्याला जमणारं नव्हतं. लहानपणी शाळेत मास्तरांपुढं पकडले तसे त्यानं दोन्ही कान दोन्ही हातांनी घट्ट पकडले. टुंग असा आवाज झाला आणि पलीकडचं सगळं गप्प झालं.

"हॅलो? इशाखा?" बोंड नीट बसलं नसेल म्हणून त्यानं दांडी पुन्हा दाबून धरली. कानात एक गोड बाई बोलली, "नमस्कार, मी तुमची काय मदत करू?"

"तू कोण गं मधी? माझ्या लेकीला दे!"

"माफ करा, मला ते समजलं नाही."

माफी कुणी मागायची होती आणि मागत कोण होतं! कडुबानं त्या बाईला जे सुनावलं ते चहावाल्यानंही कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी तेच. "कान पकडतो" म्हणाला, पकडले, टुंग. तिसऱ्यांदा तर विशाखाच आधी बोलली, आणि तिचा आवाज थंड होता. "अण्णा, माफी मागायला सुरुवात करता आणि माझ्या तोंडावर फोन कापता. चेष्टा चाललीय माझी? आयुष्यभर कापत आलात, आता ह्यातही कापायचं? पुन्हा फोन करू नका." तो बोलायला गेला, घाईघाईनं हात कानाकडे गेला, आणि हाही फोन त्याच्याच बाजूनं तुटला. त्यानंतर तिनं उचलायचं सोडलं.

कडुबाचा संताप अनावर झाला. कंपनीवाल्यांना शिव्या, टॉवरला शिव्या, सिल्लोडच्या रस्त्याला उगाच शिव्या. गीताबाई डबा घेऊन दुकानात आली तेव्हा तो टेबलावर मूठ आपटत होता. "मी बोलायला गेलो की लाइन मरती! बराबर त्याच टायमाला!"

"कसं बोलता ते मला करून दाखवा," गीताबाई म्हणाली. तिनं स्वतःच्या मोबाइलवरून त्याला फोन लावला आणि समोर उभी राहिली. "म्हणा."

"चुकलं माझं, कान पकडतो," असं म्हणत त्यानं कान धरले. टुंग. गीताबाईच्या हातातला फोन कटला.

तिनं त्याच्या कानाकडं बोट दाखवलं. "तुम्हीच कापायलात."

"मी? मी कापतोय? दिमाग ठिकाणावर हाय का तुझा?"

"कानाची पाळी धरली की ती दांडी बोटात येती. दांडी धरून ठेवली की फोन कट, पोरीनंच शिकवलं होतं. आन् फोन चालू नसला आणि धरून ठेवली, की ती बोलणारी बाई येती. चुकलं म्हणायला कान धरता, आन् त्यानंच लेकीचा फोन तोडता."

कडुबा खुर्चीत बसला. इतका राग त्याला कधीच आला नव्हता, आणि तो काढायला स्वतःशिवाय कुणीच नव्हतं.

"मग काढून ठेवा ती बोंडं," गीताबाई म्हणाली, "माझ्या फोनवरून बोला."

"दुसऱ्याच्या फोनवरून माफी मागू? मी काय चोर हाय? तिनं दिलंय, ते कानात घालूनच बोलणार."

हा हट्ट मोडायच्या भानगडीत न पडता तिनं त्याचा तडकलेला मोबाइल हातात घेतला. अंगणवाडीची पोरं वजनासकट अ‍ॅपमध्ये भरून तिची बोटं सरावलेली. इअरबडचं अ‍ॅप उघडलं. त्यात डावा कान वेगळा, उजवा वेगळा. एक टिचकी, दोन टिचक्या, तीन टिचक्या, धरून ठेवणं, प्रत्येकापुढं काय व्हावं ते निवडायचं. 'धरून ठेवणं'पुढं व्हॉइस असिस्टंट होता. दोन्ही कानांना तिनं तिथं 'काही नाही' केलं. करून बघितलं. ती गोड बाई गेली, पण गीताबाईनं फोन लावल्यावर कडुबानं कान धरताच तो पुन्हा कटला.

"झालं का? काय उपेग?" कडुबा खेकसला.

"ओरडू नका. ही यादी गाण्यांची आन् त्या बाईची हाय. फोन उचलायचं, ठेवायचं ह्यात नायच." ती खाली सरकवत गेली. अगदी तळाला 'टच कंट्रोल' म्हणून एक बटण होतं, सगळ्या टिचक्यांना मिळून एकच. तिनं ते बंद केलं, परत फोन लावला. कडुबानं कान पिरगाळले, ओढले, दांडी चिमटीत धरून ठेवली. फोन चालूच राहिला.

"आता ध्यानात ठिवा," गीताबाई म्हणाली, "कानावर हात लावून आता काहीच होणार नाय. फोन उचलायचा, ठेवायचा, तर मोबाइलवरच."

"व्हय व्हय," कडुबा म्हणाला. ऐकलं मात्र नव्हतं.

गीताबाईनं बाहेर जाऊन स्वतःच्या फोनवरून लेकीला समजावलं. विशाखा म्हणाली, "आई, तू जन्मभर त्यांना सावरत आलीस. आता बोंडाचं निमित्त सांगतेस." पण आईखातर एकदा, शेवटचं, उचलीन म्हणाली.

कडुबानं फोन लावला. कान धरले.

"इशाखा, त्या दिवशी मी चुकलो. तुझ्या पेशंटांपुढं, तुझ्या पाहुण्यांपुढं तुला बोललो. कान पकडलेत. माफ कर."

पलीकडून आलं, "बरं. ऐकलं. ठेवते."

एवढंच. बापानं जन्मात पहिल्यांदा मान झुकवली आणि लेक म्हणते ऐकलं! "थांब, मीच ठिवतो," म्हणून कडुबानं सवयीनं दांडी दाबून धरली, मोबाइल टेबलावर पालथा टाकला, आणि गीताबाईवर फुटला.

"बघितलं? ऐकलं म्हणती! दगड हाय दगड! माझ्यावरच गेलीय! तिला काय ठावं मी का वरडलो! माझ्या बापाला गावात शाळेच्या दाराभायेर बसवलं. मला आत घेतलं, पर शेवटच्या रांगेत. तवाच ठरवलं, पुन्हा कुठंच मागं बसायचं नाय. लगनात नाय, मीटिंगात नाय. आन् माझी लेक डाक्टरीण झाली, तिच्या दारात मला मागच्या रांगेत..." आवाज फाटला. "मला दिसलंच नाय गं त्या म्हाताऱ्या कोण हायेत. मला फकस्त रांग दिसली. नवा शर्ट घातला होता मी. समद्या गल्लीला सांगून गेलो होतो, पुढं बसणार म्हणून."

गीताबाईची नजर पालथ्या मोबाइलवर होती.

"अण्णा."

कडुबा दचकला. आवाज कानातून आला होता.

"अण्णा, हे मला कधीच का नाही सांगितलं?"

"तू... तू अजून हायेस? मी ठिवला होता ना!" त्यानं पुन्हा कान धरला, दाबला, पिळला. विशाखा तिथंच होती, आणि रडत होती.

"मग ठिव की! बापाचं घरातलं बोलणं ऐकती, लाज नाय वाटत?"

"तुम्ही ठेवा."

मोबाइल हाताच्या अंतरावर होता. कडुबानं तो उचलला नाही. डोळे बाहीनं पुसले आणि समोरची अर्धी कॉइल ओढली. आकडा केव्हाच गेला होता. त्यानं सगळी तार उसवली आणि न चिडता पहिल्यापासून मोजायला घेतलं, मोठ्यानं, आणि सिल्लोडला ती ते मोजणं ऐकत राहिली.