गंगाळातला चौकोनी मोगरा

आमच्या आईनं तिचा मोगरा ताईला दिला, मला नाही. हे मी आजही सरळ सांगते, उगाच मोठ्या मनाचा आव आणत नाही. इंझोरीच्या आमच्या अंगणात राकेलच्या रिकाम्या चौकोनी डब्यात आईनं तो लावला होता. ताई लग्न होऊन केव्हाची जऊळक्याला गेली होती. भर उन्हाळ्यात विहिरीवरून पाणी आणून घातलं मी, वाळक्या फांद्या खुडल्या मी, आणि शेवटच्या दुखण्यात आई म्हणाली काय, तर "मोगरा थोरलीले द्या." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. आईपुढं बोलता येईना, म्हणून गोठ्यात जाऊन गाईला बोलून घेतलं.

पुढं मी शेलूबाजारला संत्र्याच्या कलमांचा धंदा असलेल्या घरात पडले. तिथं रोपांचंच सगळं. कलम मलूल झालं की सासरेबुवाही मला हाक मारायचे, "सूनबाई, बूड पाहा जरा." पानापेक्षा मुळाकडं आधी पाहायचं, हे मला आईनं शिकवलेलं होतं. ते तिकडं कामाला आलं. पण मोगरा मात्र मी सासरच्या अंगणात लावला नाही. लावायचा तर तोच, नाहीतर नको.

ताईचे मालक जऊळक्याच्या स्टेशनात मालबाबू होते. त्यांनी एक डबी कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून ताईचा फोटो झाडाखाली, ताईचा फोटो पायरीवर, असं सुरू झालं. आमच्या घरात लग्नाचासुद्धा फोटो नव्हता. मला राग यायचा, पण कोणाला सांगू?

एका बाजारच्या दिवशी भाऊजी स्वतः आले. पाणी प्यायच्या आधीच त्यांनी खिशातून फोटो काढला.

"मोगरा वाळून राह्यला वो," ते म्हणाले. "पानं पिवळी पडून गळतात. तुमची ताई रडते दिवसभर. मी म्हटलं, तुमाले मुळं दाखवतो. गाडीत हिंदकळून रोप मरन, फोटो तं मरत नाही! पाहा न, कसा साजरा आला!"

साजरा आला होता खरा. ताई नऊवारी नेसून, नथ घालून उभी, आणि दोन्ही हातांत उपटलेला मोगरा. खरं सांगते, मी आधी मुळं पाहिलीच नाहीत. नथ पाहिली. ती आईची होती. मग साडीचे काठ पाहिले. मग कुठं मुळांवर नजर गेली.

"मुळं धुतली काय?" मी विचारलं.

"धुतली न! फोटो काढाचा तं मातीचं कसं चालन? माणूस तोंड नाही धूत काय?"

मी कपाळावर हात मारला. मुळं ओली असली की फोटोत काळीच दिसतात, आणि सडलेलीही काळीच दिसतात. वर पुन्हा ताईच्या पदराची सावली. रंगावर विसंबून काही बोलायची सोय नव्हती. वासही नाही, हाताला कळणारा मऊपणा नाही. राहिला फक्त आकार. दाराच्या उजेडात नेऊन मी फोटो डोळ्यांजवळ धरला.

वरच्या भागात मुळं जाड, एकमेकांत गुंतलेली, बाजूबाजूनं गोल गोल फिरलेली. माती धुऊनही गोळा सुटला नव्हता. म्हणजे रोप कित्येक वर्षं कोंडलेलं होतं, जागा नव्हती म्हणून मुळं स्वतःभोवतीच फिरत राहिली. खाली मात्र वेगळंच. तिथं जाड मुळं नव्हतीच, नुसते दोरे लोंबत होते. मूळ सडलं की वरची साल धुताना निसटून जाते आणि आतला दोरा तेवढा उरतो. सावलीनं मूळ काळं दिसेल, पण त्याचा दोरा होत नाही.

"हे रोप कशात हाये सध्या?"

"पितळेच्या गंगाळात. नवंकोरं."

"गंगाळाले भोक पाडलं?"

भाऊजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या स्टेशनाला आग लावायला सांगितलं. "पितळेले भोक? कोनी पाडते काय?"

पाणी तळाशी साचून मुळं सडली होती. मी तोंड उघडून ताईच्या श्रीमंतीवर बोलणारच होते, तेवढ्यात मला ते दिसलं. गंगाळ गोल, पण मुळांचा गोळा चौकोनी होता. चारी कोपरे जसेच्या तसे, आणि एक कोपरा आत चेपलेला. आईच्या डब्याचा कोपरा बैलाच्या लाथेनं चेपला होता. ताईनं मुळं मोकळीच केली नव्हती, डब्यातून काढून तसाच ठोकळा गंगाळात बसवला होता. आईचा डबा कधीच गंजून गेला असेल, आणि त्याचा आकार ताईच्या हातात! माझ्याजवळ तेवढंही नव्हतं.

"तिथं जगत नाही," मी भाऊजींना म्हटलं. "इकडं आणा." ते खोटं नव्हतं. पण ते एकदा इथं आलं, की परत कशाला जाऊ द्यायचं, हेही मनात होतंच.

चार दिवसांत ताई बैलांच्या दमणीतून आली, रोप मांडीवर घेऊन. मी बसायलाही सांगितलं नाही. रोप गंगाळातून काढून पाहिलं. वरची मुळं नखानं खरवडली तर आत पांढरी आणि टणक निघाली, फोटोतला त्यांचा काळेपणा नुसता पाण्याचा होता. खालचा भाग बोटांत पिचला आणि घाण वास आला.

"सडलेलं सारं कापा लागन," मी म्हटलं. "अन् हा चौकोन बी फोडा लागन. नाहीतर नव्या कुंडीत बी मुळं अशीच फिरतीन. मोकळी कराले काय झालं होतं तुले? एवढाही आळस काहून?"

"आळस नाही वं," ताई म्हणाली. "आईचा डबा होता तो. माह्यानं मोडवला नाही."

मी कोयता घेतला तरी हात चालेना. ती माझ्या हाताकडंच पाहत होती.

"तुले आईनं सारं शिकोलं," ती एकदम म्हणाली. "पानी कसं, खत कसं, मूळ कसं. मी लहानपनीच सासरी गेली, मले कोनं शिकोलं? मले नुसतं रोप देल्लं, अन् ते बी माह्या हातानं मरून राह्यलं. लय जळते मी तुह्यावर. तुले मालूम तरी हाये काय?"

नव्हतं मालूम. मी गोठ्यात गाईला बोलत होते, तेव्हा ही जऊळक्याला कोणाला बोलत असेल? मी कापायला लागले. सडलेलं टणक मुळापर्यंत छाटलं, बाजूच्या वेढ्यांना उभे काप दिले, बोटांनी मुळं सोडवली. मुळं कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही छाटल्या. भोकाची मातीची कुंडी घेतली, मुळांभोवती दोन बोटं जागा राहील एवढीच. भोकावर खापरी, वर माती, रेती, जुनं शेणखत. ठोकळा गेला. चार कोपऱ्यांतला एकही राहिला नाही.

कोंब फुटेपर्यंत ताई आमच्याकडंच राहिली, माती कधी कोरडी आणि कधी ओली ते बोट खुपसून शिकली. रोप ठेवून घ्यायचा बेत मी मनातच गिळला. निघताना दमणीत बसून तिनं कुंडी मांडीवर घेतली आणि हात पुढं केला.

"माह्या फोटो दे."

"देत नाही," मी म्हटलं. "रोप तुह्यं, फोटो माह्या."

"त्याच्यात तं मी हाओ वं!"

"राह्य मंग. आईचा डबा बी हाये त्याच्यात."