फळीवरचं पाकीट

आमचे हे क्रेन चालवतात. बांधकामावर तो उंच पिवळा खांब असतो ना, त्याच्या टोकाच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंड वर चढवायचं. साइटवर यांना घार म्हणतात. घरात मी काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

या घारीला दोन खोडी. एक सिगारेट, आणि दुसरी पाणी न पिणं. केबिनमध्ये संडास नसतो. मोकळं व्हायचं तर शिड्याच शिड्या उतरा, पुन्हा चढा, तोवर खाली माल खोळंबणार आणि मुकादम आईबाप काढणार. म्हणून क्रेनवाले सकाळी कोरडेच चढतात आणि कोरडेच उतरतात. तहान लागली की हे सिगारेट पेटवायचे. याला हे हुशारी म्हणत. मी कपाळाला हात लावायचे, पण माझं ऐकतो कोण!

कामगारांच्या वार्षिक तपासणीत यांचं हिमोग्लोबिन अठराच्या वर निघालं आणि हिमॅटोक्रिट चोपन्न. म्हणजे रक्ताच्या शंभर भागांत चोपन्न भाग नुसत्या लाल पेशी. पुरुषाचं हे पन्नाशीच्या आत असायला हवं. हे घरी आले ते छाती फुगवून.

"लोकांचं रक्त कमी पडतं, माझं उतू चाललंय. कुणाला हवं असेल तर सांग."

चेहरा नेहमीसारखाच लालबुंद. त्या लालीवर आमचे नातेवाईक फिदा होते, तब्येत काय कमावलीय म्हणायचे.

साइटच्या डॉक्टरांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी यांना क्रेनवरून खाली उतरवलं आणि रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी बरोबर गेले, कारण हे एकटे गेले की डॉक्टर काय म्हणाले ते घरी निम्मंच पोचतं.

बाईंनी बोटाला चिमटा लावला. "ऑक्सिजन नव्वदीच्या वर दिसतोय, पण ओढणाऱ्याच्या बाबतीत यावर माझा विश्वास नाही. धुरातला विषारी वायू ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि हा चिमटा त्यालाही ऑक्सिजनच समजतो. शरीर मात्र फसत नाही. त्याला वाटतं, ऑक्सिजन कमी पडतोय, पेशी वाढवा. उंच डोंगरावर राहणाऱ्यांचंही असंच होतं. त्यातून तुम्ही पाणी पीत नाही, म्हणून रक्त आणखी आटतं."

"मग घाबरण्यासारखं नाही ना?" मी विचारलं.

"दाट रक्ताची गुठळी होऊ शकते. मेंदूत झाली तर पक्षाघात. सिगारेट पूर्ण बंद, पाणी भरपूर, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा उतरला तर कारण धूर. नाही उतरला, तर हाडांच्या आतला मगज स्वतःच्याच मर्जीने पेशी बनवतोय का ते बघावं लागेल. मधे डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय बधिर झाले, तर त्याच दिवशी या."

यांनी कानाला खडा लावला. साइटवरच्या नर्सबाईंकडे फुंकर मारून धुराचा वायू मोजायचं छोटं यंत्र होतं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली, की मनात येईल त्या दिवशी, न सांगता यांना बोलवा, फुंकून घ्या आणि आकडे थेट माझ्याकडे पाठवा.

आता माझं ऐका. लग्न झाल्यापासून मी यांचे खिसे तपासत आले. एक सिगारेट सापडली तर घर डोक्यावर घ्यायचे. आता खिशांत निघायच्या त्या चावून चावून कुंचा झालेल्या आगकाड्या. खाली माल मोजायच्या कामावर बसवलेले हे दिवसभर काड्या चावत आणि वर बघत. त्यांच्या केबिनमध्ये दुसराच कुणी बसला होता. घरी आले की मुकाट्याने जेवायचे. एवढा बडबड्या माणूस, तोंडाला कुलूप लावल्यासारखा. मला ते बघवत नव्हतं.

याच सुमारास फ्यूजची तार शोधताना मला वरच्या फळीवर यांचं सिगारेटचं जुनं पाकीट सापडलं, अर्धं भरलेलं. कचऱ्यात टाकायला उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

दोन महिन्यांनी रक्त दिलं. आधी दोन दिवस मी तांब्या घेऊन यांच्या मागे मागे फिरले होते. आकडा आला पंचावन्न. वर प्लेटलेट्सही वाढलेल्या.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर उचलली. "खरं सांगा, एकही नाही?"

"एकही नाही," हे म्हणाले.

"ओढत असतील हो!" मी मधेच बोलले, तेही मोठ्याने. "चोरून ओढत असतील. मी ओळखते ना यांना."

यांनी माझ्याकडे पाहिलं. भांडणात पाहतात तसं नाही. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

बाईंनी नर्सबाईंकडून आलेले आकडे उघडले आणि एकेक करून वाचले. मी मनात म्हणत होते, यातला एक तरी आकडा वाईट निघू दे, एकच.

"सगळे स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या. "एका फुंकरीत फार तर कालचा धूर कळतो. पण इतक्या वेळा, तेही न सांगता, म्हणजे हे खरं बोलताहेत."

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मी भांडले ती अखेर मिळाली होती, आणि मला नको होती.

"आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते?"

मीच म्हणाले, "सुटते. गरम पाण्याने जास्तच. पुरळ वगैरे काही नसतं. मी वर्षभर साबण बदलतेय."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"साबणाचं डॉक्टरांना काय सांगायचं?"

बाईंनी यांना झोपवलं, डाव्या बरगड्यांखाली हात दाबला आणि श्वास घ्यायला सांगितला. प्लीहा सुजून हाताला लागत होती. मग रक्ताच्या आणखी दोन चाचण्या लिहून दिल्या. पेशी बनवायचा हुकूम देणारं संप्रेरक किती आहे, ही एक. दुसरी, मगजातल्या पेशींच्या जनुकात एक ठरावीक बिघाड झालाय का. हुकूम भरपूर असेल तर कारण बाहेर शोधायचं. हुकूम नसतानाही कारखाना चालूच असेल, तर खोट कारखान्यातच.

अहवाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत रात्री यांचा श्वास ऐकत मी जागी असायचे. हात डोक्याखाली दबून बधिर झाला तरी हे दचकून उठायचे, आणि मग दोघंही बोटं हलवून बघायचो.

खोट कारखान्यातच निघाली. संप्रेरक अगदी कमी, जनुकात बिघाड. पॉलिसायथेमिया व्हेरा असं त्याचं नाव. बाई म्हणाल्या, हा रक्ताचा सावकाश चालणारा कर्करोगच, पण आवरता येतो. ठरावीक दिवसांनी पिशवीभर रक्त काढायचं आणि हिमॅटोक्रिट पंचेचाळीसच्या खाली ठेवायचं. रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी. वय साठीच्या पुढे गेलं तर पेशी आवरणारं औषधही. परत केबिनमध्ये चढायचं का, ते आकडे खाली आल्यावर बघू.

"म्हणजे सिगारेटचा दोष नव्हता. मग आता ओढायला हरकत नाही!" हे म्हणाले. पहिल्यांदाच जुना आवाज लागला.

"आता तर मुळीच नाही. गुठळीला तेवढंच निमित्त पुरेल."

पहिलं रक्त काढायला यांना खाटेवर झोपवलं. नळीतून गडद रक्त पिशवीत उतरत होतं. मी स्टुलावर बसले होते. यांनी छताकडे बघतच विचारलं,

"फळीवरचं पाकीट तू पाहिलं होतंस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्यावरची धूळ पुसलेली होती. रोज. फेकून का नाही दिलंस?"

पिशवी निम्मी भरली होती. मी यांचा मोकळा हात हातात घेतला. बोटं ऊन होती.

"त्यातली एखादी तरी कमी होईल म्हणून," मी म्हणाले. "रोज बघत होते."