मनोगतातली तिसरी ओळ

आमच्या टॉवेल विणणाऱ्या सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं मनोगत कित्येक वर्षं मीच लिहीत आलो. लिहीत कसलं, मागच्या वर्षीचं काढायचं आणि साल बदलायचं. ‘माझ्या दूरदृष्टीमुळे’ पहिल्या परिच्छेदात, ‘संस्थेची घोडदौड’ शेवटच्या. व्यवस्थापक म्हणून ते माझंच काम होतं.

त्या वर्षी अध्यक्षांनी मसुदा परत केला. म्हणाले, “ही सगळी स्तुती काढा. वर्षभरात काय झालं ते सरळ लिहा. लाल टॉवेलांचंही.”

 ते टॉवेल पहिल्याच धुण्यात रंग सोडायला लागले आणि गिऱ्हाइकाने गाडीभर माल परत पाठवला. खापर फुटलं आमच्या म्हाताऱ्या रंगाऱ्यावर. तेव्हापासून ते चहालाही कुणाबरोबर बसत नव्हते.

आणि आता अध्यक्षांना खरं हवं होतं! संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती. रंगाऱ्याचा बळी पुरेना म्हणून हे आता माझा देणार, याची मला खात्रीच झाली. “सूत आजच मागावर चढलं पाहिजे, गाडी चुकायला नको” हा फोन त्यांचाच होता, पण फोनला पुरावा कुठला?

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. त्यांच्या मनोगतात त्यांच्याच तोंडी लिहिलं: ‘सूत आणखी एकदा साबणाने धुवायला एक दिवस लागणार होता. मी तो दिला नाही. व्यवस्थापकांनी मला धोक्याची कल्पना दिली होती.’ म्हटलं, बघू यांना किती खरं पचतं.

सात रस्ता चौकाजवळच्या त्यांच्या दुकानात कागद नेऊन दिला. त्यांनी पेन उघडलं. पहिली दोन वाक्यं वाचून मान हलवली, खाडाखोड केली नाही. तिसऱ्यावर थांबले.

“तुम्ही मला सांगितलं होतं?”

मी खुर्ची पुढे ओढली.

“मला आठवत नाही, म्हणून विचारतो.”

त्यांच्या आवाजात मी डाव शोधत होतो. सापडेना. फोनवर मी नुसतं “होय साहेब” म्हणालो होतो. सांगितलं होतं ते रंगाऱ्यांनी, मला, लाल झालेले हात पुढे धरून: “सायेब, सूत अजून रंग सोडतंय की. उद्या पाटवू.” त्यावर मी म्हणालो होतो, “तुम्ही तुमचं काम करा.” मला माझीच लाज वाटली. मी अध्यक्षांकडून पेन मागून घेतलं.

वार्षिक सभेत अध्यक्षांचं मनोगत व्यवस्थापकाने वाचायचं, ही आमची जुनी रीत.

‘धोका रंगाऱ्यांनी सांगितला होता. व्यवस्थापकांनी तो माझ्यापर्यंत पोचवला नाही.’

एवढं वाचून मी मान वर केली. रंगारी मागे दाराशी उभे होते. सभासदांतल्या कुणीतरी शेजारची खुर्ची सरकवली. ते आत आले आणि बसले.